कॅफेत बॅग राहिली? मालकाला मराठीत निरोप लिहून देताना या चुका टाळा

मराठी न येणारी एखादी ओळखीची व्यक्ती आपल्याला तिचा निरोप पाठवते आणि म्हणते, ‘एवढं मराठीत करून दे, कॅफेच्या मालकाला पाठवायचं आहे.’ चार-पाच ओळी असतात, म्हणून आपण उभ्या उभ्या करून देतो. मीही एकदा तसंच केलं. पाहुणी बाई होती, तिची पाठीवरची सॅक कॅफेत राहिली होती आणि तिने इंग्रजीत निरोप लिहिला होता. मी दोन मिनिटांत जे करून दिलं, ते असं:

‘प्रिय मालक, मी काल तुमच्या कॅफेमध्ये बसलो होतो आणि मी माझी पिशवी तिथे सोडली. त्यात लॅपटॉप, पाकीट आणि महत्त्वाची कागदपत्रे आहेत. तुम्ही ती घेतली आहे का? कृपया लवकरात लवकर परत करा, जेणेकरून मी ती गोळा करू शकेन.’

मालकाचं उत्तर आलं, ‘आमच्याकडे कुणाची पिशवी नाही. आम्ही काही घेतलेलं नाही.’ सॅक मात्र तिथेच होती, काउंटरच्या मागे. या एका निरोपात किती चुका होत्या, हे मला नंतर ओळ ओळ वाचताना समजलं.

‘सोडली’ नाही, ‘राहिली’

सगळ्यात मोठी चूक क्रियापदाची. इंग्रजीतल्या ‘लेफ्ट’साठी हाताशी येणारा शब्द ‘सोडली’. पण मराठीत आपण नोकरी सोडतो, हक्क सोडतो, हातातला दोर सोडतो. ‘सोडणे’ म्हटलं की त्यात इच्छा आली. ‘बॅग तिथे सोडली’ वाचणाऱ्याला वाटतं की हिने मुद्दाम ठेवून दिली, किंवा तिला ती नकोच होती. नकळत मागे राहिलेल्या वस्तूसाठी आपण बोलताना वेगळंच म्हणतो: ‘माझी छत्री तुमच्याकडे राहिली.’ दोष कुणाचाच नाही, वस्तू आपली आपण राहून गेली. हेच क्रियापद इथे हवं.

‘विसरणे’ही चालतं, पण त्यात एक खाच आहे. हे क्रियापद कर्म घेतं, तरी भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही आणि रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. ‘त्याने बॅग सोडली’, पण ‘तो बॅग विसरला’ आणि ‘ती बॅग विसरली’. म्हणून पुरुषाने ‘मी बॅग विसरलो’ आणि स्त्रीने ‘मी बॅग विसरले’ असं लिहायचं. ‘मी बॅग विसरली’ हे दोघांच्याही तोंडी चुकीचं. इंग्रजीतल्या ‘मी’वरून निरोप बाईचा की पुरुषाचा ते कळत नाही, त्यामुळे अनुवाद करणारा सवयीने पुल्लिंगी लिहितो. मी ‘बसलो होतो’ लिहिलं तेव्हा हेच झालं. मालक एका पुरुषाला आठवत राहिला, आणि त्या वेळी त्या टेबलापाशी तर बाई बसली होती.

‘राहिली’ घेतलं की ही अडचण उरत नाही, कारण रूप वस्तूप्रमाणे चालतं: बॅग राहिली, पाकीट राहिलं, चार्जर राहिला. तरीही निरोपात एकदा ‘आले होते’ किंवा ‘आलो होतो’ येऊ द्या. आपण कुणाला शोधतोय, हे मालकाला तेवढ्यानेच कळतं.

‘बॅग’ म्हणजे नेमकं काय

शब्दकोशात ‘बॅग’समोर ‘पिशवी’ लिहिलेलं असतं आणि ते चूक नाही. पण पिशवी म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यासमोर कापडाची, हातात धरायची पिशवी येते. पाठीवर घ्यायची ती सॅक, बायकांची छोटी ती पर्स, पैसे ठेवायचं ते पाकीट. मालकाने पिशवी शोधली, ती नव्हती, आणि त्याने खरं तेच उत्तर दिलं. नक्की शब्द सुचत नसेल, तर ‘खांद्याला अडकवायची बॅग’ असं सरळ वर्णन करा. मूळ निरोप लिहिणाऱ्यालाही विचारा, कारण इंग्रजीत ‘पर्स’ म्हणणारे काहीजण पाकिटाबद्दल बोलत असतात.

विनंतीचा आरोप होतो तो इथे

माझ्या निरोपातली शेवटची दोन वाक्यं आज वाचली तरी वाईट वाटतं. ‘तुम्ही ती घेतली आहे का?’ यात ‘घेतली’ हा शब्द चोरीच्या जवळ जातो. पुढे इंग्रजीत ‘रिव्हर्ट’ होतं, म्हणजे ‘उत्तर कळवा’. मी त्याचं ‘परत करा’ केलं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की अर्थ होतो: तुम्ही माझी पिशवी घेतली आहे, ती परत करा. तो माणूस ‘आम्ही काही घेतलेलं नाही’ का म्हणाला, हे मग सांगायलाच नको. ‘गोळा करू शकेन’ हेही तसंच शब्दाला शब्द. गोळा करायला वस्तू विखुरलेल्या असाव्या लागतात. एक सॅक आपण घ्यायला येतो.

विचारायचं असेल तर ‘सॅक तुमच्याकडे आहे का?’ एवढंच विचारावं. त्यात कुणी काय केलं हे येत नाही, फक्त वस्तू आहे की नाही एवढंच येतं.

नम्रतेसाठी ‘कृपया’वर विसंबू नका. तो शब्द पाट्यांवर आणि अर्जांत शोभतो, आणि ‘कृपया परत करा’मध्ये तो हुकूम मऊ करत नाही. बोलण्यातली मराठी नम्रता क्रियापदाच्या शेवटी असते: ‘बाजूला ठेवाल का?’, ‘जरा बघता का?’, ‘कळवाल का?’ अनोळखी मालकाला ‘तुम्ही’ पुरेसं आहे. ‘आपण’ने निरोप सरकारी पत्रासारखा वाटू लागतो. ‘प्रिय मालक’ही काढून टाका. मराठीत ‘प्रिय’ जवळच्या माणसाला लिहितात, अनोळखी माणसाला ‘नमस्कार’ म्हणतात.

काल कोणता?

पाहुणी शनिवारी कॅफेत गेली होती. निरोप रविवारी रात्री गेला आणि मालकाने तो सोमवारी सकाळी वाचला. त्याच्या लेखी ‘काल’ म्हणजे रविवार. निरोप कधी वाचला जाईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून त्यात काल, आज, उद्या लिहूच नये. ‘परवा’ तर मुळीच नको, कारण मराठीत तो गेलेलाही असतो आणि येणाराही. वाराचं नाव लिहा. आठवडा उलटून गेला असेल तर तारीखही लिहा, पण महिना अक्षरांत: 7/6 लिहिलं तर कुणी 7 जून वाचेल, कुणी 6 जुलै. वेळेआधी सकाळी, दुपारी, संध्याकाळी यांपैकी एक शब्द हवाच.

जागेचंही तसंच. ‘डावीकडच्या टेबलावर’ म्हणजे कुणाच्या डावीकडे? ‘आत येताना डाव्या हाताला’ म्हटलं की प्रश्न उरत नाही.

आत काय आहे ते सगळं लिहू नका

ही चूक भाषेची नाही, पण अनुवाद करून देणाऱ्याने ती मूळ मजकुरातच थांबवावी. लॅपटॉप, पाकीट, कागदपत्रं अशी यादी दिली की निरोप ज्या ज्या हातांतून जाईल, त्या सगळ्यांना आत काय आहे ते कळतं. शिवाय ‘तुमचीच कशावरून?’ असं मालकाने विचारलं, तर सांगायला काही उरत नाही. बाहेरून दिसणारी एक खूण लिहा आणि आतली एक खूण स्वतःकडे ठेवा. आतल्या कप्प्यात काय आहे, हे ती घ्यायला जाईल तेव्हा सांगेल.

शेवटी मी निरोप पुन्हा लिहिला, तो असा:

‘नमस्कार. शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी तुमच्या कॅफेत आले होते. आत येताना डाव्या हाताला, खिडकीजवळच्या टेबलापाशी माझी काळी सॅक राहिली. तिच्या वरच्या चेनला लाल दोरी बांधली आहे. ही सॅक तुमच्याकडे आहे का? असेल तर बाजूला ठेवाल का? मी मंगळवारी सकाळी 11 वाजता घ्यायला येईन. मला मराठी वाचता येत नाही, म्हणून फक्त हो किंवा नाही एवढं कळवलंत तरी चालेल.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. निरोप चांगल्या मराठीत गेला की समोरच्याला वाटतं, लिहिणारीला मराठी येते, आणि तो चार ओळींचं उत्तर पाठवतो. ते तिला वाचता येत नाही आणि गोष्ट तिथेच अडकते. दोन प्रश्नही जवळजवळ ठेवले आहेत ते याच हिशेबाने, म्हणजे एका ‘हो’मध्ये दोन्हींचं उत्तर येतं. या वेळी तासाभरात ‘हो’ आलं, सोबत सॅकचा फोटोही होता.

उलटवून पाहिलं तरी चूक दिसत नाही

अनुवाद नीट झाला की नाही हे पाहायला अनेकजण तो परत मूळ भाषेत उलटवतात. लांब मजकुरासाठी ही रीत उपयोगी आहे, कारण गळलेलं वाक्य किंवा उलटा झालेला नकार तिच्यात सापडतो. पण माझा पहिला निरोप उलटवला असता तर काय झालं असतं ते पाहा. ‘सोडली’चं पुन्हा ‘लेफ्ट’ झालं असतं, ‘पिशवी’चं पुन्हा ‘बॅग’, आणि ‘बसलो’मधला पुरुष इंग्रजीत जाऊन नाहीसा झाला असता. म्हणजे तीन चुका आणि तिन्ही पास. ‘परत करा’ तेवढं पकडलं गेलं असतं.

त्यापेक्षा मूळ निरोप न दाखवता मराठी निरोप दुसऱ्या मराठी माणसाला वाचायला द्या आणि तीन गोष्टी विचारा: हे बाईने लिहिलंय की पुरुषाने? तू काय शोधायला उठशील? हे वाचून तुला राग येतो का? माझ्या बहिणीने पहिला निरोप वाचून लगेच सांगितलं, ‘कुणीतरी माणूस चिडलाय, कापडी पिशवी मागतोय.’

आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर तोच निरोप पुन्हा पाठवू नका. त्या संध्याकाळी काउंटरवर दुसरं कुणी असू शकतं. ‘शनिवारी संध्याकाळी कामावर कोण होतं, त्यांना एकदा विचाराल का?’ एवढी एकच ओळ पाठवा.