फोटोतील खारफुटी कशी ओळखावी: मुळे, पाने आणि फांदीला लटकलेले रोप

खारफुटीच्या फोटोखाली ‘कमानीसारखी मुळे आहेत, म्हणजे कांदळ’ असे उत्तर सर्रास दिले जाते आणि ते बऱ्याचदा चुकते. चुकण्याचे कारण नेहमी एकच असते. मुळे एका झाडाची, पाने दुसऱ्याची आणि चिखलात रुतलेले रोप तिसऱ्याच झाडाचे असते, आणि बघणारा तिन्ही मिळून एकच नाव देतो. म्हणून सुरुवातीलाच ठरवा की नाव कुठल्या फांदीचे शोधायचे आहे. त्या फांदीला जोडलेले जे दिसते तेवढाच पुरावा, बाकी सगळा शेजार.

१. मुळांवरून फक्त अंदाज बांधा

खोडातून आणि खालच्या फांद्यांतून निघून चिखलात उतरणाऱ्या मोठ्या कमानी असतील तर कांदळ, म्हणजे रायझोफोरा. चिखलातून सरळ वर आलेली, बोटापेक्षा बारीक, वीतभर उंचीची दाट मुळे तिवराची (ॲव्हिसेनिया). तशीच वर आलेली, पण बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती होत गेलेली मुळे चिप्पीची (सोनेरेशिया). मूळ चिखलातून वर येऊन वाकून पुन्हा आत गेलेले दिसले तर झुंबर (ब्रुगेरा) मनात धरा. किरकिरीलाही (सेरिऑप्स) अशी मुळे येतात, पण लहान.

तिवराची आणि चिप्पीची श्वसनमुळे जमिनीखालून आडव्या पसरलेल्या मुळांवर उगवतात. ती खोडापासून कित्येक मीटर लांब, दुसऱ्याच झाडाच्या बुंध्याशी वर येतात. कमानींच्या मधोमध बारीक मुळे दिसली की एकाच झाडाला दोन प्रकारची मुळे आहेत असे समजू नका, तिथे दोन झाडे आहेत.

२. पानांची मांडणी आणि टोक पाहा

पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे आधी. एकाआड एक असतील तर वरची पाचही नावे बाद होतात आणि काजळा किंवा हुरा यांच्याकडे वळावे लागते. समोरासमोर असतील तर टोक बघा. टोकावर काट्यासारखा बारीक कोंब आणि पानाच्या मागे काळे ठिपके म्हणजे कांदळ. टोक टोकदार, पण कोंब नाही आणि ठिपकेही नाहीत, तर झुंबर. टोक गोल किंवा किंचित खाच पडलेले आणि पान पिवळसर हिरवे असेल तर किरकिरी. मागची बाजू पांढुरकी किंवा राखाडी असेल तर तिवर.

३. लटकलेले रोप: खरे काम इथे आहे

कांदळ, झुंबर आणि किरकिरी या तिघांचे बी झाडावरच रुजते आणि फांदीला हिरव्या शेंगेसारखे रोप लटकते. ‘लांब शेंग म्हणजे कांदळ’ हा सल्ला साफ सोडून द्या. रोप कित्येक महिने झाडावर वाढत असते. कांदळाचे अर्धवट वाढलेले रोप झुंबराच्या पूर्ण वाढलेल्या रोपाइतकेच दिसू शकते. शिवाय फोटोत मोजपट्टी नसते. लांबी बघायचीच तर त्याच फांदीच्या पानाशी तुलना करा, आणि तीही रोप पूर्ण वाढलेले असेल तरच.

नजर रोपाच्या खालच्या टोकावर नको, वरच्या सांध्यावर हवी. फोटो मोठा करून देठाकडून खाली या. आधी निदलपुंज लागतो, म्हणजे फुलाचा बाहेरचा जाड भाग. फूल गळून गेले तरी तो टिकून राहतो. त्याची टोके मोजा. कांदळाला चार, किरकिरीला पाच आणि झुंबराला आठ किंवा त्याहून जास्त, अरुंद पट्ट्यांसारखी. फोटोत साधारण अर्धी बाजूच दिसते. तेवढ्यात दोन-तीन जाड टोके दिसली तर ती कांदळाची की किरकिरीची हे त्यावरून ठरत नाही, पण झुंबर नक्की बाद होते. चार-पाच अरुंद टोके दिसली तर झुंबरच.

आता निदलपुंजाच्या खाली काय आहे ते पाहा. कांदळात तिथे तपकिरी, खरखरीत, नाशपतीच्या आकाराचे ठळक फळ असते आणि त्या फळातून हिरवे रोप बाहेर पडलेले असते. किरकिरीतही तपकिरी फळ दिसते, पण ते खूपच लहान असते. झुंबराचे फळ निदलपुंजाच्या नळीतच दडलेले असते. त्यामुळे निदलपुंज संपला की थेट हिरवे रोप सुरू होते, मध्ये तपकिरी काहीच नाही. फोटो थोडा धूसर असला तरी हा फरक दिसतो, म्हणून टोके मोजण्यापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

कांदळ आणि किरकिरी यांच्यात शंका उरली तर रोपाचा पृष्ठभाग बघा. किरकिरीचे रोप सडपातळ असते आणि त्यावर वरपासून खालपर्यंत स्पष्ट उभ्या कडा असतात. कांदळाचे रोप जाडसर, कडा नसलेले आणि पुटकुळ्यांनी खडबडीत झालेले असते.

रोप पक्व झाले की कांदळात आणि किरकिरीत फळ व रोप यांच्यामध्ये बीजपत्रांची एक वेगळ्या रंगाची नळी डोकावते. तिथूनच रोप सुटून खाली पडते आणि फळ निदलपुंजासह झाडावर राहते. ही नळी कांदळाच्या रायझोफोरा म्युक्रोनाटा या जातीत पिवळसर, तर रायझोफोरा ॲपिक्युलाटात लालसर असते. नळी दिसत नसेल तर रोप कोवळे आहे, रंगावरून जात ठरवायला जाऊ नका.

झुंबराचे रोप मात्र निदलपुंज डोक्यावर घेऊनच पडते. त्यामुळे चिखलात किंवा पाण्यावर अशी टोपी घातलेले रोप दिसले तर ते झुंबराचे. उलट अनुमान काढू नका, कारण पाने फुटताना ती टोपीही गळते. आणि असे रोप भरतीबरोबर कुठूनही आलेले असू शकते, वरच्या झाडाचे नाव त्यावरून देता येत नाही.

एक फोटो सोडवून पाहू

समोर चिखलात बारीक, सरळ मुळे दाट उभी आहेत. मागे कमानी आहेत. डावीकडून एक फांदी आत आली आहे आणि तिला हिरवी रोपे लटकली आहेत. घाईत उत्तर येते ‘कांदळ’, कारण कमानी आणि शेंगा दोन्ही दिसल्या.

आता फांदीपुरतेच पाहा. पाने समोरासमोर, पिवळसर हिरवी, टोक गोल. इथेच कांदळ डळमळते. रोप पानाच्या तिप्पट लांब, सडपातळ, उभ्या कडांचे. सांध्याशी लहान तपकिरी फळ आहे, म्हणजे झुंबर नाही. त्यावर तीन टोके दिसतात आणि ती मागे वळलेली आहेत. उत्तर किरकिरी, म्हणजे सेरिऑप्स. फळाखाली पिवळी नळी दिसत असेल तर जात सेरिऑप्स टगाल धरायला हरकत नाही. मागच्या कमानी कांदळाच्या, समोरची मुळे तिवराची, आणि ते तिवर बहुधा चौकटीबाहेर आहे. एका फोटोत तीन झाडे, पण नाव विचारले होते ते फांदीचे.

सांधा दिसतच नसेल तर कांदळ, झुंबर किंवा किरकिरी एवढ्याच नावावर थांबा, जात ठरवू नका, आणि पानाचे टोकही नीट दिसत नसेल तर नुसते ‘खारफुटी’ लिहा. फोटो काढणाऱ्याशी बोलणे शक्य असेल तर त्याच फांदीचे आणखी तीन फोटो मागा: रोपाचा सांधा जवळून, पानाची मागची बाजू, आणि फांदीपासून खोडाच्या बुडापर्यंत सलग दिसेल असा एक. हा शेवटचा फोटो लोक हमखास काढत नाहीत, आणि मुळे त्याच झाडाची आहेत की नाही हे फक्त त्यातूनच कळते.