अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझिया: बाळाला बसवण्याची घाई आणि अशाच काही चुका

अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझिया म्हणजे हाडांच्या वाढीचा जन्मजात आजार, ज्यात हातपाय आखूड आणि उंची कमी राहते. त्याचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "उंची किती होईल?" पहिल्या दोन वर्षांत मात्र उंचीपेक्षा पाठीचा कणा आणि मान जास्त महत्त्वाची असते. तिथेच चुका होतात, आणि बहुतेक प्रेमापोटीच होतात.

चूक पहिली: "सहा महिने झाले, आता बसवा"

या बाळांचं डोकं मोठं आणि जड असतं, स्नायू सैल असतात आणि सांध्यांचे बंधही ढिले असतात. अशा बाळाला उशा लावून बसवलं की धड पुढे कोसळतं आणि छातीचा भाग जिथे कमरेला मिळतो तिथे पाठ वाकते. तिथल्या मणक्यांच्या पुढच्या बाजूवर सतत दाब पडत राहिला, तर तो मणका पुढून चेपून पाचरीसारखा होतो. मग जे कुबड आपोआप जायला हवं होतं ते कायमचं राहतं.

नमुन्यादाखल आठ महिन्यांची एक मुलगी घेऊ. घरात तिला रोज बसवतात आणि तिच्या पाठीला फुगवटा दिसतो. इथे बाजूने काढलेले दोन एक्स-रे लागतात: एक बसवून, दुसरा पालथं झोपवून. समजा बसलेल्या स्थितीत बाक ४२ अंश आला आणि पालथं झोपवल्यावर १४. म्हणजे कणा अजून लवचिक आहे. नुसता बसलेला एक्स-रे काढून थांबलं, तर हे कधीच कळत नाही.

अशा वेळी उपाय घरातलाच आहे. बाळ स्वतःहून बसेपर्यंत त्याला बसवायचं नाही. टेकवून ठेवायचं असेल तर पाठीला कडक आधार हवा आणि कल ४५ अंशांपेक्षा उभा नको. मऊ कापडी बाबागाडी, झोळीसारखा पाळणा आणि उड्या मारायची खुर्ची टाळा. कडेवर घेताना एक हात फुगवट्यावर सपाट ठेवा. जागं असताना, नजरेसमोर, पालथं खेळू द्या. त्याने पाठीचे स्नायू तयार होतात. ही बाळं बहुधा दीड वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर चालू लागतात, आणि चालायला लागल्यावर बहुतेकांचं कुबड ओसरतं.

पालथं झोपवूनही बाक ३० अंशांच्या वर राहत असेल, तर मात्र वाट पाहू नका. तिथे पाठीच्या पट्ट्याचा विचार करावा लागतो.

चूक दुसरी: घोरणं आणि ढिलेपणा "असतंच असं" म्हणून सोडणं

ढिलेपणा या आजारात असतो हे खरं. पण कवटीच्या तळाचं छिद्र, ज्यातून मज्जारज्जू खाली उतरतो, तेही या मुलांत अरुंद असतं. तिथे दाब आला तर झोपेत श्वास थांबू शकतो, आणि पहिल्या वर्षातल्या अचानक मृत्यूंमागे हे एक मोठं कारण आहे. म्हणून निदान झाल्यावर लवकर मज्जासंस्थेची तपासणी आणि झोपेची चाचणी करून घ्यावी, आणि गरजेनुसार एमआरआय. पाऊल वर दाबल्यावर ते लयीत थरथरत राहणं, दूध पिताना गुदमरणं, हातापायांची हालचाल कमी होणं, ही धोक्याची चिन्हं आहेत. डोक्याचा घेरही दर भेटीला मोजायचा, पण अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझियासाठीच्या खास तक्त्यावर. साध्या तक्त्यावर डोकं नेहमीच मोठं वाटतं आणि खरी वाढ निसटते.

चूक तिसरी: पाय वाकडे दिसले की लगेच शस्त्रक्रिया, किंवा कधीच नाही

गुडघे बाहेर वाकलेले असणं इथे नेहमीचं. गुडघ्याचे बंध सैल, नडगीला आतल्या बाजूचा पीळ आणि तिच्या शेजारचं बारीक हाड तुलनेने लांब, असं तिन्ही मिळून ते घडतं. बेडी-पट्ट्यांनी हे सुधारत नाही. निर्णय फोटोवरून घेऊ नका. मुलाला चालताना पाहा. प्रत्येक पावलाला गुडघा बाहेर झटका खातो का? दुखतं का? बाक वाढतो आहे का? याचं उत्तर हो असेल तर शस्त्रक्रियेचं बोलणं योग्य. वाढ शिल्लक असेल तर हाडाच्या टोकाजवळ जिथून हाड वाढतं त्या वाढीच्या पट्टीवर छोटी प्लेट लावून पाय हळूहळू सरळ करता येतो. कोपर पूर्ण सरळ होत नाही, तो ताणून सरळ करू नये.

चूक चौथी: शाळकरी वयात भेटी बंद करणं

कमरेच्या मणक्यांमधली नळी या आजारात खाली जाताना रुंद होण्याऐवजी अरुंद होत जाते. लहानपणी त्रास नसला तरी मोठेपणी नसा दबू शकतात. थोडं चालल्यावर पाय भरून येणं, आणि उकिडवं बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटणं, ही त्याची ओळख. मूल "थकलो" म्हणतं आणि घरचे आळस समजतात. दर वर्षी विचारा: किती अंतर चालल्यावर थांबावं लागतं, आणि ते अंतर गेल्या वर्षापेक्षा कमी झालंय का? पायात अशक्तपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मणक्याच्या शल्यचिकित्सकाला गाठा.