महागाईचा आकडा आला आणि डॉलर हलला: त्या काही मिनिटांतल्या चुका टाळा

वेंगुर्ल्याचा काजू कारखानदार आफ्रिकेतून बी मागवतो आणि पैसे डॉलरमध्ये चुकते करतो. रत्नागिरीच्या कोळंबी निर्यातदाराला डॉलर मिळतात. जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाच्या घरी दर महिन्याला डॉलर येतात आणि ते रुपयांत बदलून घ्यायचे असतात. या सगळ्यांच्या रुपयांतल्या हिशेबाला सर्वांत मोठा झटका बसतो तो बहुतेक वेळा अमेरिकेचा किरकोळ महागाईचा आकडा म्हणजे सीपीआय जाहीर होतो त्या संध्याकाळी. ज्या चुका इथे वारंवार होतात, त्या त्याच आकड्याच्या आधारे पाहू.

चूक पहिली: आकडा मागच्या महिन्याशी ताडून बघणे

महागाई 8.2 टक्क्यांवरून 7.7 टक्क्यांवर आली, म्हणून डॉलर पडला, असे बातमीत छापून येते. पण खरे कारण ते नसते. महागाई उतरणार हे बाजाराला आधीच ठाऊक असते आणि ते भावात मुरलेलेही असते. बाजार हलतो तो अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांच्यातल्या फरकावर.

10 नोव्हेंबर 2022 ची संध्याकाळ घ्या. ऑक्टोबरची वार्षिक महागाई 7.7 टक्के निघाली, अंदाज 7.9 ते 8 टक्क्यांचा होता. त्याहून बोलका होता अन्न आणि इंधन वगळून काढलेला गाभा महागाईचा मासिक आकडा. अंदाज 0.5 टक्के, प्रत्यक्षात 0.3 टक्के. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह म्हणजे फेड तोवर सलग चार बैठकांत पाऊण-पाऊण टक्का दर वाढवत आली होती. डिसेंबरमध्ये ती अर्धाच टक्का दर वाढवेल, हे त्या एका आकड्यावरून बाजाराने जवळपास पक्के धरले. अमेरिकेच्या दोन वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा त्या दिवशी सुमारे पाव टक्का घसरला. युरो एका डॉलरच्या आसपास होता, तो दिवसअखेर 1.02 च्या जवळ गेला. येनचा भाव डॉलरमागे 146 च्या आसपास होता, तो 141 च्या आसपास आला.

साखळी अशी असते: आकडा, मग पुढच्या व्याजदराचा अंदाज, मग दोन वर्षांच्या रोख्याचा परतावा, आणि शेवटी चलनाचा भाव. म्हणून आकडा येण्याआधीच अंदाज कागदावर लिहून ठेवा: गाभा महागाई मासिक, गाभा महागाई वार्षिक आणि एकूण महागाई वार्षिक, याच क्रमाने. मथळ्यात वार्षिक आकडा मोठ्या टायपात येतो, तरी पहिला धक्का बहुधा मासिक गाभ्याचा असतो. वार्षिक आकड्यात अकरा महिन्यांचे जुने पाणी असते, नवी माहिती फक्त शेवटच्या महिन्याची.

इथेच एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. मासिक टक्का एका दशांशापर्यंतच छापतात. 0.349 असेल तर 0.3 दिसतो, 0.351 असेल तर 0.4. पडद्यावरचा फरक मोठा, खरा फरक नगण्य. मथळा वाचून यंत्रे सेकंदाच्या आत खरेदी-विक्री करतात. मग माणसे मूळ तक्त्यातून निर्देशांक घेऊन न छाटलेला टक्का काढतात, घरभाडे आणि जुन्या गाड्यांचे भाव पाहतात, आणि पाच-दहा मिनिटांत पहिली उडी अर्धी परत येते. अशी उडी ओळखायची खूण म्हणजे भाव पळाला, पण दोन वर्षांच्या रोख्याचा परतावा त्या प्रमाणात हललाच नाही. दोन्ही एका दिशेने गेले आणि पंधरा मिनिटांनंतरही तिथेच राहिले, तर हालचाल टिकण्याचा संभव बराच जास्त.

चूक दुसरी: घड्याळ आणि बंद बाजार विसरणे

आकडा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी साडेआठला येतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळे तासभर पुढे असतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. उरलेल्या दिवसांत सात. म्हणजे दोन्ही वेळा आपला रुपया-डॉलरचा बाजार बंद. सध्या तो पाच वाजता बंद होतो. 2022 च्या त्या नोव्हेंबरात बँकांमधला व्यवहार साडेतीनलाच थांबत असे.

याचा अर्थ असा की रुपयाच्या बाबतीत ‘आकडा आला की बघू’ हा पर्यायच नाही. युरो, येन तेवढ्यात हलतात, रुपया मात्र दुसऱ्या दिवशी नऊ वाजता थेट नव्या भावाने उघडतो. 10 नोव्हेंबर 2022 ला डॉलर 81 रुपयांच्या वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी 80 च्या घरात होता. मधले भाव कोणालाच मिळाले नाहीत.

वेंगुर्ल्याच्या एखाद्या कारखानदाराला त्या आठवड्यात 50,000 डॉलर भरायचे होते असे समजा आणि फरक हिशेबापुरता 60 पैसे धरा. थांबला असता तर त्याचे 30,000 रुपये वाचले असते. त्याच रात्री तेवढेच डॉलर विकायचे ठेवून बसलेल्या निर्यातदाराचे 30,000 गेले असते. बाजार बंद झाला तेव्हा दोघांनाही आकडा माहीत नव्हता. अशा दिवशी पूर्ण रक्कम उघडी ठेवणे म्हणजे आकड्यावर पैज लावणे. धंद्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. निम्म्या रकमेचा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच पक्का करणारा करार, बाजार सुरू असतानाच बँकेत करून टाकावा, निम्मी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी, हे बहुतेक लहान व्यापाऱ्यांना झेपणारे गणित आहे. आयातदाराला फॉरवर्डमध्ये प्रीमियम द्यावा लागतो, निर्यातदाराला तो मिळतो. करार मोडला तर खर्च येतो, म्हणून माल येण्याची किंवा बिल वटण्याची तारीख पक्की असेल तेवढ्याच रकमेचा करावा.

संध्याकाळी उद्याचा अंदाज हवाच असेल, तर सिंगापूर-लंडनमध्ये चालणारा रुपयाचा एनडीएफ भाव बघा, म्हणजे प्रत्यक्ष रुपये न देता फक्त भावातला फरक चुकता करणाऱ्या व्यवहारांचा भाव. युरोवरून रुपया ताडू नका. युरो दोन टक्के चढला म्हणून रुपया दोन टक्के चढत नाही, कारण रिझर्व्ह बँक अशा दिवशी बाजारात उतरून चढउतार आवरते. आणि भाव वाचताना दिशा चुकवू नका: `EURUSD` वर गेला तर डॉलर कमजोर, `USDINR` वर गेला तर डॉलर मजबूत.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला व्यवहार करण्याचीही घाई नको. उघडताना खरेदी आणि विक्रीच्या भावातले अंतर रुंद असते. पंधरा-वीस मिनिटांत ते आकसते. शाखेतल्या भिंतीवरचा कार्ड रेट तर घेऊच नका. त्यात बँकेने आपला बचाव आधीच जोडलेला असतो. शाखेमार्फत बँकेच्या ट्रेझरी विभागाचा चालू भाव मागा, किंवा क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या एफएक्स-रिटेल या परकीय चलनाच्या प्लॅटफॉर्मवर नाव नोंदवा. तिथे बाजारभाव दिसतो आणि बँकेचे शुल्क वेगळे कळते.

चूक तिसरी: मध्यवर्ती बँकेच्या निवेदनातला फक्त दर वाचणे

फेडचे निवेदन अमेरिकेची घड्याळे पुढे असताना आपल्याकडे रात्री साडेअकराला आणि एरवी साडेबाराला येते. अध्यक्षांची पत्रकार परिषद त्यानंतर अर्ध्या तासाने. या दोन घटना वेगळ्या आहेत आणि कधी कधी एकमेकींच्या उलट जातात. 2 नोव्हेंबर 2022 ला दर अपेक्षेप्रमाणेच पाऊण टक्का वाढला, पण निवेदनात एक नवे वाक्य होते: पुढची वाढ किती वेगाने करायची हे ठरवताना आतापर्यंतची एकूण वाढ आणि तिचा परिणाम दिसायला लागणारा वेळ लक्षात घेऊ. बाजाराने याचा अर्थ ‘आता वेग कमी होणार’ असा घेतला आणि डॉलर घसरला. अर्ध्या तासाने अध्यक्ष जेरोम पॉवेल म्हणाले की थांबण्याचा विचार करणे फारच घाईचे आहे आणि दर आधी वाटले होते त्याहून वर जाऊ शकतात. डॉलर उलटा फिरून वर गेला. साडेअकराला विकणारे मध्यरात्रीनंतर अडकले.

आपल्या रिझर्व्ह बँकेचे निवेदन सकाळी दहाला येते. बाजार चालू असल्याने तेव्हा खरोखर निर्णय घेता येतो, आणि म्हणूनच तिथली घाई जास्त महागात पडते. गव्हर्नरांच्या भाषणात रेपो दर लवकर येतो, मग धोरणाची भूमिका, मग वाढीचे आणि महागाईचे अंदाज, आणि रोखतेचे निर्णय बरेचदा पुढे. 6 जून 2025 ला पाव टक्का कपात अपेक्षित होती, झाली अर्धा टक्का, रेपो 5.50 वर आला. एवढेच ऐकून थांबलेल्याला वाटले असेल की आता आणखी कपाती येणार. पण त्याच निवेदनात भूमिका ‘अनुकूल’वरून ‘तटस्थ’ झाली होती आणि पुढे कपातीला फार थोडी जागा उरल्याचेही सांगितले गेले. शिवाय रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो, चार टप्प्यांत 4 वरून 3 टक्क्यांवर आणण्याची घोषणा होती. दर एका बाजूला बोलत होता आणि भूमिका दुसऱ्या बाजूला.

उपाय सोपा आहे. मागच्या बैठकीचे निवेदन छापून जवळ ठेवा आणि नवे आले की वाक्य वाक्याला लावून बघा. तीनच ठिकाणी फरक शोधायचा: भूमिका, महागाईचा पुढच्या तिमाहींचा अंदाज, मतांची विभागणी. जिथे काहीच बदललेले नाही तो भाग सोडून द्या.

चूक चौथी: स्टॉप-लॉसवर विसंबणे

ज्यांचा धंदा डॉलरशी जोडलेला आहे आणि जे एक्सचेंजवर `USDINR` वायदा घेतात, त्यांच्यासाठी हा मुद्दा. एक वायदा 1,000 डॉलरचा, म्हणजे एका रुपयाच्या हालचालीला हजार रुपये. स्टॉप-लॉस ठरलेल्या भावाला विकण्याची हमी देत नाही. तो भाव लागला की ऑर्डर बाजारात सोडली जाते, एवढेच. रात्रीतून भाव साठ पैसे सरकला तर स्टॉप सकाळच्या पहिल्या भावालाच सुटतो. मर्यादा-भावाचा स्टॉप लावला असेल तर तो सुटतही नाही आणि तोटा वाढत राहतो. आकड्याच्या संध्याकाळी सुरक्षित ठेवायचे तर स्टॉप जवळ आणून उपयोग नाही, पाचच्या आत वायद्यांची संख्या कमी करावी लागते.

रुपयाचे हे वायदे घ्यायला डॉलरचे प्रत्यक्ष देणे-घेणे असावे लागते. ठरावीक मर्यादेपर्यंत कागद दाखवावे लागत नसले तरी व्यवहार खरा हवा, हे रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. मोबाइलवर ‘सीपीआयच्या मिनिटात दुप्पट’ म्हणून जाहिरात करणारी बहुतेक परदेशी अॅप या चौकटीत बसत नाहीत. पैसे भरण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची सावधानतेची यादी पाहा. यादीत नाव नसले तरी अॅपला परवानगी असल्याचे सिद्ध होत नाही; परवानगी असलेल्या प्लॅटफॉर्मची यादीही तिथेच मिळते. परकीय चलनाच्या फेमा कायद्याखालची कारवाई पैसे पाठवणाऱ्यावर होऊ शकते.