काम झाल्यावर ‘जरा कमी करा’: उत्तर लिहिताना या चुका टाळा

फाइली गेल्या, कॅटलॉग प्रेसमधून छापून आला, पार्टी खूश आहे. मग बाकीच्या रकमेची आठवण केली की तिकडून मेसेज येतो: “काम एक नंबर झालंय, पण आकडा जरा जास्त वाटतोय. फायनल किती करताय?” डिझाइनमधली नवी मुलं-मुली असल्या मेसेजला लिहिलेलं उत्तर “जरा बघून द्या ना” म्हणत माझ्याकडे पाठवतात. उत्तरं वेगवेगळ्या लोकांची असतात, चुका मात्र त्याच त्याच. आता मला त्यांचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

अलीकडचंच उदाहरण घेऊ. पुण्यातली एक डिझायनर, भोसरीतला सुटे भाग बनवणारा कारखानदार. 24 पानांचा कॅटलॉग, तीन वेळच्या दुरुस्त्या धरून 64,000 रुपये. निम्मे ॲडव्हान्स, उरलेले 32,000 फाइली मिळाल्यावर पंधरा दिवसांत. हे सगळं कोटेशनमध्ये लिहिलेलं आणि ईमेलवर “ओके” आलेलं. काम झाल्यावर साहेब म्हणाले, “सगळं मिळून 55 करून टाका.” तिने लिहिलेलं उत्तर असं होतं:

“नमस्कार सर, सॉरी. खरं तर या कामात खूप मेहनत लागली, तुम्ही तीनदा चेंजेस सांगितलेत, मी रात्र रात्र जागून केलं. फोटोंचे पैसेपण मीच भरले. सध्या तरी 55 मध्ये थोडं कठीण आहे सर. तरी तुम्ही बघा. पुढच्या कामाला नक्की ॲडजस्ट करू.”

यातली सगळ्यात महागडी चूक “सॉरी” नाही. ती आहे “सध्या तरी थोडं कठीण आहे”. आपल्याकडे “कठीण आहे” याचा अर्थ “अजून थोडं ओढा” असाच घेतला जातो. “सध्या तरी” म्हणजे चार दिवसांनी परत विचारा. “शक्यतो”, “बघूया”, “तुम्हीच सांगा काय ते” हे सगळे त्याच कुळातले. लिहिणाऱ्याला वाटतं आपण नम्रपणे नाही म्हटलं. वाचणाऱ्याला दिसतं की भाव अजून ठरायचाय.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने एका बिल्डरच्या ब्रोशरचं काम केलं होतं. सूट मागितल्यावर त्याने उत्तर पाठवलं, “सध्या शक्य नाही सर, पण बघूया.” तिकडून अंगठा आला आणि तो निर्धास्त झाला. महिनाअखेरीला खात्यावर रक्कम आली ती आठ हजारांनी कमी. फोन केला तर अकाउंट्सवाले म्हणाले, “साहेबांनी सांगितलंय तुमचं बोलणं झालंय म्हणून.” साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, “तुम्हीच म्हणालात ना, बघूया. आम्ही बघितलं.” त्यांनी फार काही लबाडी केली असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने त्या एका शब्दाने दार उघडं ठेवलं होतं आणि ते आत आले. मुलगा पुढे दोन महिने फोन करत राहिला. आठ हजार आले नाहीत आणि पुढचं कामही दुसरीकडे गेलं.

म्हणून माझी सवय अशी: उत्तर लिहून झालं की त्यातले “सध्या, शक्यतो, थोडं, जरा, बघू” एकेक करून खोडायचे. उरलेलं वाक्य उद्धट वाटतंय असं नवख्यांना वाटतं, कारण त्यांना नम्रता शब्दांच्या संख्येवर मोजायची सवय असते. “बिलाची रक्कम तीच राहील” यात उद्धट काहीच नाही. नम्रता त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वाक्यात ठेवता येते.

दुसरी लाडकी चूक म्हणजे मेहनतीचा पाढा. रात्रीचं जागरण, पदरचे पैसे, तीनदा केलेले बदल. हे वाचून कारखानदाराचं मन द्रवत नाही. तो रोज कामगारांचा ओव्हरटाइम आणि लोखंडाचे भाव यांचा हिशोब करतो. खर्च सांगितला की त्याला खर्चावर बोलायला विषय मिळतो: “फोटो आमच्याकडे होते की, मागायचे ना.” लगेच तुम्ही फोटोंवर भांडत बसता आणि 64,000 बाजूला राहतात. शिवाय इथे तीन दुरुस्त्या कोटेशनमध्येच धरल्या होत्या, त्यामुळे “तुम्ही तीनदा सांगितलंत” ही तक्रार तिच्यावरच उलटते. किमतीला एकच आधार पुरतो: काय ठरलं होतं, आणि तेच झालं. भाजीवालीशी घासाघीस होते ती जुडी पिशवीत पडायच्या आधी. इथेही तेवढंच दाखवायचं असतं, की ती वेळ कोटेशनच्या दिवशी होती आणि तेव्हा दोघांनी आकडा मान्य केला होता.

“पुढच्या कामाला ॲडजस्ट करू” हे तर लिहूच नका. पुढचं काम येईल तेव्हा हा मेसेज शोधून काढला जातो. भाव कमी करायचाच असेल तर कामाबरोबर कमी करा. पानं कमी, दुरुस्त्या कमी, फोटो त्यांचे.

सुधारून तिने पाठवलं ते असं:

“नमस्कार सर,
कॅटलॉग पसंत पडला हे वाचून छान वाटलं. 24 पानं आणि तीन दुरुस्त्या असं धरून आपण कोटेशनमध्ये 64,000 ठरवले होते आणि काम त्याप्रमाणेच पूर्ण झालं आहे, त्यामुळे बिलाची रक्कम तीच राहील. बाकीचे 32,000 ठरल्याप्रमाणे 20 तारखेपर्यंत पाठवावेत. टीडीएस कापणार असाल तर तेवढं कळवा. एकदम देणं अडचणीचं असेल तर निम्मे 20 तारखेला आणि निम्मे महिनाअखेरीला चालतील. हिंदी आवृत्ती काढायची झाली तर कमी पानांत खर्च कसा बसवता येईल ते काम सुरू करण्याआधी बोलू.”

हप्त्याचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. सूट मागणाऱ्या कितीतरी लोकांना खरी अडचण त्या महिन्याच्या रोखीची असते. त्यांना वेळ दिला की आकडा आपोआप सुटतो. पण वेळ द्यायचा तर तारखेसकट द्या. “सावकाश द्या” असं लिहिलंत तर ते खरंच सावकाश देतात.

टीडीएसचं वाक्यही उगाच नाही. बऱ्याच कंपन्या डिझाइनच्या फीवर 10 टक्के टीडीएस कापतात. पूर्ण बिलाचा टीडीएस शेवटच्या हप्त्यात कापला तर 32,000 ऐवजी 25,600 येतात. हे 6,400 कुणी खाल्लेले नसतात. ते तुमच्या पॅनवर जमा होतात, आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसतात आणि रिटर्न भरताना तुमच्या करातून वजा होतात. पण घाईची मंडळी खात्यावर 25,600 बघतात आणि “परस्पर पैसे कापलेत” असा मेसेज ठोकतात. कापलेलीच नसलेली सूट परत मागण्याइतकं अवघड प्रकरण दुसरं नाही. आधी आकडेमोड करा, मग भांडा.

उत्तर लिहिण्याआधी एक गोष्ट मात्र तपासाच: ही सूट मागतायत की तक्रार करतायत? “आकडा जास्त वाटतोय” ही सूट आहे. “पान 11 वरचा व्यास चुकलाय आणि आता छापून झालंय” ही तक्रार आहे. तक्रारीला वरचं उत्तर पाठवलंत तर तुम्ही निगरगट्ट ठरता, आणि ते बरोबरच आहे. चूक तुमची असेल तर दुरुस्त फाइल द्या, पुन्हा छपाईचा भार कसा वाटायचा ते फोनवर बोला. त्यांनी दिलेल्या तक्त्यातच व्यास चुकीचा असेल तर त्यांनी पाठवलेलं पान जोडून शांतपणे दाखवा. दोन्ही मिसळून आलं, म्हणजे “व्यास चुकलाय, म्हणून 55 करा”, तर आधी व्यासाचं निस्तरा आणि पैशाचं दुसऱ्या मेसेजमध्ये लिहा.

बाकीच्या चुका थोडक्यात, कारण त्यांवर जास्त बोलायची माझी इच्छा नाही.

व्हॉइस नोट पाठवू नका. आवाजातलं चाचरणं ऐकू येतं, आणि पुढे दाखवायला हातात काही राहत नाही.

“बाकीचे लोक मला 80 देतात” असं लिहू नका. मग ते म्हणतील, “आमच्या भाच्याचा मित्र 20 मध्ये करतो.”

पहिल्याच उत्तरात कायदा काढू नका. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं, तक्रारीला सरकारी पोर्टल आहे. हे सगळं खरं आहे. पण साहेबांनी अजून पैसे नाकारलेले नाहीत, फक्त विचारलंय.

जीएसटी नोंदणी असेल आणि कुणी “बिलच 55 चं करून द्या” म्हणालं, तर जुनं बिल गुपचूप पुसून नवं करू नका. रक्कम कमी करायची तर क्रेडिट नोट काढावी लागते. करायची नसेल तर हा विषय तुमच्या सीएकडे न्यायचीही गरज नाही.

मेसेज आल्या आल्या दोन मिनिटांत उत्तर देऊ नका. मी जेवून येतो, मग लिहितो. घाईत लिहिलेल्या उत्तरात एक तरी “बघू” राहतोच.

आणि शेवटची, जिच्यात शहाणी माणसंही अडकतात. तुमच्या नकारानंतरही पार्टी कमी रक्कम टाकते आणि वर लिहिते, “23,000 ट्रान्स्फर केलेत, फुल अँड फायनल.” यावर सवयीने “थँक्यू सर” आणि हात जोडलेला इमोजी जातो. गेला की प्रकरण बंद, कारण “फायनल”ला तुम्ही हो म्हटलंत. त्याऐवजी त्याच दिवशी एवढंच लिहा: “23,000 मिळाले, धन्यवाद. यात टीडीएस कापला असेल तर रक्कम कळवावी. नसेल तर बिलाप्रमाणे 9,000 बाकी आहेत, ते 30 तारखेपर्यंत पाठवावेत.” मग 30 तारखेपर्यंत गप्प बसायचं. 31 तारखेला हाच मेसेज कोट करून एक ओळ टाकायची, आणि या वेळी अकाउंट्सवाल्यांनाही पाठवायची.