दूधवाल्या भैयाचा हिशोब, तारखांनी मिटला

आमच्याकडे इंदूरला दूधवाले भैया रोज दीड लिटर देतात, भाव 60. ऑक्टोबरचं बिल आलं 2910, म्हणजे पूर्ण 31 दिवस आणि कोजागिरीचं दोन लिटर जादा. पण आम्ही 10 ते 13 देवासला होतो ना! "चार दिवस कापा" म्हटलं की ते म्हणणार "मैंने तो दिया था", मग दर महिन्याची तीच किटकिट.

म्हणून यावेळी कॅलेंडरच्या पानावरून चिठ्ठी लिहिली, दिवसांची बेरीज नाही, एकेक तारीख. 10 ला नागा सांगणारा मेसेज गेला पहाटे साडेपाचला, तोवर त्यांच्या कॅन भरून निघालेल्या, आणि पिशवी गेटला लटकलेली शेजारच्या काकूंनी पाहिली, त्यांनीच नेली म्हणे. तेव्हा 10 चे पैसे आमच्याकडे. 11, 12, 13 नागा, साडेचार लिटर, 270 वजा. कोजागिरीचं बरोबर. उरले 2640.

खाली लिहिलं, "भैया, इसमें कोई तारीख गलत लगे तो उसी पे निशान लगा दो." त्यांनी डायरी काढली, 12 वर थोडे अडले, तिथे त्यांच्याकडेही टिक नव्हतीच, मग हसले आणि पैसे घेतले. आता नागा आदल्या रात्रीच सांगायचा ठरलंय, आणि कॅलेंडरवर सही त्यांचीच.