केसांच्या रंगाचं डिजिटल एडिट पोर्टफोलिओत दाखवताना

पोर्टफोलिओत शेजारी शेजारी दोन फोटो लावायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मी तीन लावते: मूळ फोटो, क्लायंटला आधी दाखवलेलं डिजिटल एडिट आणि प्रत्यक्ष रंगवलेले केस. एडिट सुंदर जमलं म्हणून ते 'नंतर'च्या जागी लावायचा मोह नवख्यांना होतो, आणि तिथेच फसवणूक सुरू होते. तीन चौकटी असल्या की एडिट किती खरं ठरलं हे बघणाऱ्याला आपोआप दिसतं.

सगळा भार पहिल्या फोटोवर असतो. केस कोरडे आणि विंचरलेले हवेत, कारण ओले केस गडद दिसतात. खिडकीच्या उजेडात, थेट ऊन टाळून फोटो घ्या आणि खोलीतले दिवे बंद ठेवा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता साधारण ५५०० केल्विनवर पक्का करा. फोनच्या ऑटोला चेहरा, भिंत, केस सगळं एकदम छान दिसावं असं वाटतं, त्यामुळे तो प्रत्येक फोटोत रंग थोडा थोडा बदलतो. ब्यूटी मोड बंदच. हनुवटीखाली ग्रे कार्ड धरून एक फोटो घ्या, मग कार्ड काढून दुसरा. एडिट करताना व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने कार्डावर क्लिक केलं की लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

आता एक उदाहरण घेऊ. क्लायंटचे नैसर्गिक केस लेव्हल ३ चे, म्हणजे गडद तपकिरी, आणि तिला लेव्हल ७ चा अॅश ब्लाँड बघायचा आहे. केसांना मास्क लावून वर 'कलर' ब्लेंड मोडचा लेयर टाकला की नवखे गोंधळतात, कारण फारसं काही बदलतच नाही. हा मोड फक्त रंगछटा आणि तीव्रता बदलतो, खालचा उजळपणा तसाच ठेवतो. गडद केसांवर अॅश चढवलं तरी केस गडदच राहतात. म्हणून आधी मास्कच्या आतच कर्व्हज वापरून केस उजळावे लागतात. फार ओढलं तर सावल्या राखाडी होतात, दाणे दिसू लागतात आणि बटांमधला फरक जाऊन केस प्लास्टिकच्या टोपीसारखे दिसतात. मुळं किंचित गडद राहू द्या. कडेच्या सुट्या केसांभोवती फिकट वलय दिसलं तर मास्क पुन्हा करा.

एडिट तपासायची माझी रीत सोपी आहे. कपाळावरचा एकच बिंदू निवडून तिथले आकडे मूळ फोटोत आणि एडिटमध्ये वाचायचे. मास्कबाहेर काहीच बदललेलं नसेल, तर ते तंतोतंत जुळतात. प्रत्यक्ष रंगवलेल्या केसांच्या फोटोत इतकं काटेकोर जुळणार नाही, पण कार्ड जुळल्यावर त्वचा जवळपास तशीच यायला हवी. केस छान अॅश दिसताहेत आणि त्याच वेळी कपाळही निळसर पडलंय, दातही जास्तच पांढरे झालेत, तर तो अॅश रंगातून नाही, थंड व्हाइट बॅलन्समधून आलाय. पिवळ्या-नारिंगी रंगाची तीव्रता खाली ओढली की असंच होतं, कारण त्वचेचा रंगही त्याच पट्ट्यात येतो. इतरांच्या पोर्टफोलिओतही मी केसांआधी दातच बघते.

दुसरी तपासणी लेव्हलची. तिन्ही फोटोंच्या प्रती कृष्णधवल करून शेजारी ठेवा. रंगाची भुरळ गेली की उजळपणाच उरतो, आणि एडिट प्रत्यक्ष केसांपेक्षा एखादी लेव्हल उजळ होतं का ते चटकन कळतं.

एडिट आणि प्रत्यक्ष रंगात बहुतेक वेळा फरक असतोच, आणि त्याला कारण आहे. लेव्हल ३ वरून ७ पर्यंत केस उजळताना खालचं नारिंगी रंगद्रव्य उघडं पडतं. निळ्या बेसचा टोनर ते दाबतो, पण पूर्णपणे पुसत नाही. एडिटमध्ये मात्र नारिंगी मुळात आलेलंच नसतं. त्यामुळे प्रत्यक्ष रंग एडिटपेक्षा उबदार निघाला, तर तिसरा फोटो एडिटशी जुळवत बसू नका. तो फरक पुढच्या क्लायंटच्या फार कामाचा असतो. टोनर धुण्यागणिक उतरतो, म्हणून जमलं तर काही आठवड्यांनी त्याच खिडकीत चौथा फोटो घ्या.

तिन्ही चौकटींचं क्रॉपिंग, अंतर आणि केसांची ठेवण सारखी ठेवा. आधीचे केस विस्कटलेले आणि नंतरचे ब्लो-ड्राय केलेले असतील, तर निम्मं श्रेय ब्लो-ड्रायचं असतं. ओळी फोटोवरच लिहा, कारण खालचा मजकूर फोटो पुढे पाठवताना गळून पडतो. माझ्या फोटोंवर असं असतं: 'मूळ, लेव्हल ३', 'डिजिटल एडिट, केस रंगवलेले नाहीत', 'प्रत्यक्ष, ब्लीच आणि टोनर, त्याच दिवशी, फक्त व्हाइट बॅलन्स दुरुस्त'. एडिटसाठी चेहरा वापरायची परवानगी क्लायंटकडून वेगळी मागा. केसांच्या फोटोला दिलेला होकार त्याला पुरत नाही.