मोबाइल फुटबॉलची टूर्नामेंट घेताय? या चुका टाळा

सोयाबीन निघाल्यावर यवतमाळकडच्या आमच्या गावात पोरांनी मोबाइलवर फुटबॉलची टूर्नामेंट ठेवली. आम्ही ११ जण, त्यातले दोघे पुण्याहून खेळणार. पहिल्या वर्षी सगळ्यात मोठं भांडण लागलं ते तक्त्यावरून.

११ जणांच्या पाच जोड्या लागल्या आणि उरलेल्याला बाय मिळाला, म्हणजे तो न खेळताच पुढं गेला. पुढच्या फेरीत सहा राहिले, मग तीन. तिथं पुन्हा एकाला बाय द्यावा लागला. चिठ्ठीत दोन्ही वेळा एकच गडी निघाला. तो एक सामना खेळून फायनलला पोचला, आणि ग्रुपवर "हे काहून चालते?" सुरू झालं.

बाय फक्त पहिल्या फेरीत द्या. २, ४, ८, १६ या आकड्यांतला खेळाडूंच्या संख्येइतका किंवा तिच्याहून लगेच मोठा आकडा घ्या. ११ जणांसाठी तो १६. फरक ५, म्हणून बाय ५. उरलेले ६ जण ३ सामने खेळतील. ते ३ विजेते आणि बायवाले ५ मिळून ८ होतील. पुढं ४, २ आणि १ असे सामने. एकूण १०. बाद पद्धतीत सामने नेहमी खेळाडूंपेक्षा एकानं कमी असतात. तुमचा आकडा जुळत नसेल तर तक्ता पुन्हा आखा. चिठ्ठ्या मात्र सगळ्यांदेखत काढा.

दुसरी चूक छोटी आहे: रूम बनवताना एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी चालू करायचं विसरणं. सामना १-१ वर संपतो आणि पुढं कोण जाणार ते कोणालाच ठाऊक नसतं.

आता खरी डोकेदुखी, लाइन जाणं. वायफायवर खेळणाऱ्याचं राऊटर लाइनीसोबतच बंद पडतं. आमच्याकडं २-१ असताना ६७ व्या मिनिटाला एक जण बाहेर फेकला गेला. गेमनं त्याला हरलेला ठरवलं, तो मात्र मानायला तयार नाही. आता नियम असा: तुटल्याबरोबर दोघांनीही स्कोअर आणि मिनिट ग्रुपवर टाकायचं. जुळलं तर नवीन रूम उघडून गेमच्या घड्याळात २३ मिनिटं होईपर्यंत खेळायचं आणि ते गोल जुन्या २-१ मध्ये मिळवायचे. जुळलं नाही तर पूर्ण सामना नव्यानं. एकाच खेळाडूचं दुसऱ्यांदा तुटलं तर मात्र तो सामना समोरच्याला. हे कडक वाटेल, पण हरायला लागलं की डेटा बंद करणारेही असतात, बाप्पा.

निकाल तोंडी घेऊ नका. जिंकलेल्यानं शेवटच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट टाकायचा, त्यात दोघांची नावं आणि स्कोअर दिसला पाहिजे. हरलेल्यानं त्याखाली "मान्य" लिहायचं. रात्री दहापर्यंत त्यानं काहीच लिहिलं नाही तर स्क्रीनशॉट खरा धरायचा. तक्त्यात नाव मात्र एकाच माणसानं चढवायचं. आमच्याकडं तिघांनी चढवलं, तेव्हा एकाच सेमीफायनलला दोन विजेते होते.